ओळ संपते तिथे ढोलकी बोलते



आपल्या नामपूरच्या मोसम खोऱ्यात वर्षभर गाणं चालूच असतं. आखाजीला झाडाला झोका बांधला की झोक्यावरची गाणी होतात. श्रावणात कानबाई बसते, तेव्हा तिची गाणी होतात. लग्न झालं की गोंधळ घातला जातो आणि संबळ वाजते. सप्ताहात टाळ-मृदंग असतो. आणि यात्रेला तमाशाचा फड आला की ढोलकी कडाडते. आपल्या कानाला यातला फरक लगेच कळतो. माळ्यावर कांदे निवडत असताना दुरून नुसता आवाज आला, शब्द एकही कळला नाही, तरी आपण सांगतो की ही लावणी आहे.

ते कशावरून कळतं? बऱ्याच बचत गटांच्या बैठकीत आम्ही हा प्रश्न विचारला. उत्तर बहुतेक एकच आलं: "लावणी जोरात असते, भरभर असते." हे उत्तर चुकीचं नाही, पण अर्धं आहे. भरभर तर आरतीही म्हणतात, पण तिची काही लावणी होत नाही. आज ही उरलेली अर्धी गोष्ट सांगायची आहे. त्यासाठी आधी ढोलकी हातात घेऊ, मग एक ओळ मोजून बघू.

ढोलकी म्हणजे आतून कोरलेलं, साधारण दीड फूट लांबीचं लाकडी खोड. त्याच्या दोन्ही तोंडांवर कातडं चढवलेलं असतं. उजव्या तोंडावर तबल्यासारखी काळी शाई असते. हे तोंड लहान असतं आणि कातडं खूप ताणलेलं असतं, त्यामुळे त्याचा आवाज उंच येतो. डाव्या तोंडाच्या कातड्याला आतून मसाला लावलेला असतो. तिथला आवाज खालचा आणि भरलेला असतो. डाव्या हाताचा तळवा दाबून थोडा सरकवला की आवाज वळतो, वर चढतो. त्याला घुमारा म्हणतात. ढोलकीची दोरी कड्यांनी ताणलेली असते. कड्या सरकवून आवाज गाणाऱ्या बाईच्या सुराला मिळवून घेतात. आता बऱ्याच ढोलक्यांना कड्यांऐवजी नटबोल्ट असतात.

यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, ढोलकी बोटांनी वाजते. दुसरी, उजव्या तोंडाचा आवाज टणक असतो आणि लवकर संपतो. मृदंगाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावतात, म्हणून त्याचा आवाज खोल जातो आणि रेंगाळतो. भजनाला तो शोभतो, कारण भजनात एका ठोक्याचा नाद दुसऱ्या ठोक्यापर्यंत पोचवायचा असतो. पण रेंगाळणाऱ्या आवाजावर फार बारीक बारीक ठोके मारले तर ते एकमेकांत मिसळतात. देवळाच्या गाभाऱ्यात कोणी भरभर बोललं तर शब्द घुमून कळत नाहीत, तसंच हे. संबळ काड्यांनी वाजते. काडी जोरकस असते, पण दहा बोटांचं काम दोन काड्यांना जमत नाही. ढोलकीवर मात्र बोटं सुटी सुटी पडतात आणि प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येतो. म्हणजे जलद वाजवण्याची सोय त्या वाद्याच्या घडणीतच आहे.

आता ओळ मोजू. कोणाची जुनी लावणी न घेता आपण आपल्याच घरातली एक साधी ओळ करू:

कांदा भरला गाडीमध्ये, भाव कळेना बाई

लावणीत बहुतेक वेळा आठ मात्रांचं एक आवर्तन धरतात. मात्रा मोजणं सोपं आहे. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घ अक्षराच्या दोन, आणि जोडाक्षराच्या आधीचं अक्षर जोर घेतं म्हणून त्याच्याही दोन. "कांदा भरला" हे मोजा: कां दोन, दा दोन, भ एक, र एक, ला दोन. झाल्या आठ. "गाडीमध्ये" मोजा: गा दोन, डी दोन, म वर जोर म्हणून दोन, ध्ये दोन. पुन्हा आठ. "भाव कळेना" याही आठ. आणि शेवटचं "बाई" किती? फक्त चार.

म्हणजे ओळीत आठाची चार घरं आहेत. तीन भरलेली आहेत, चौथं अर्धं रिकामं आहे. त्या अर्ध्या घरात शब्द नाही, चार मात्रांची मोकळी जागा आहे. लावणीचं सगळं गुपित या मोकळ्या जागेत आहे.

जागा रिकामी राहिली तर गाणं अडखळल्यासारखं होईल. म्हणून "बाई" म्हणून झालं की ढोलकी पुढे येते. ओळ चालू असताना ती शब्दांच्या मागे बेताने ठेका धरून असते. शब्द थांबले की ती एकदम मोकळी होते, बारीक ठोक्यांचा झपाटा वाजवते आणि पुढच्या ओळीच्या पहिल्या मात्रेवर जोरात ठोका देऊन गाणारीच्या हाती गाणं परत देते. त्या पहिल्या मात्रेला सम म्हणतात. पुष्कळदा वाजवणारा ठोक्यांचा एकच तुकडा तीनदा वाजवतो आणि तिसऱ्या वेळचा शेवटचा ठोका बरोबर समेवर आणतो. ती तिहाई. ऐकणाऱ्याला तिहाई हे नाव माहीत नसलं तरी त्याची मान त्याच ठोक्याला हलते, आणि फडात शिट्टीही त्याच ठोक्याला पडते.

ही मोकळी जागा एकट्या ढोलकीची नाही. तिघी-चौघांचं काम त्यात चालतं. गाणारी बाई तिथे श्वास घेते. नाचणारी तिथे गिरकी घेते किंवा पावलांनी चाळ वाजवून ढोलकीला उत्तर देते. मागे उभे असलेले झीलकरी शेवटचा सूर लांबवून धरतात, म्हणून गाणारीचा दम भरेपर्यंत सूर तुटत नाही. तुणतुणं आणि झांज लय सांभाळतात. एवढं सगळं चार मात्रांत घडतं.

आता याच ओळीची आपल्या इतर गाण्यांशी तुलना करू, म्हणजे फरक नीट दिसेल.

आखाजीच्या झोक्याचं घ्या. झोक्यावर गाताना ताल कोण धरतं? झोकाच धरतो. बारा फुटांच्या दोराचा झोका पुढे जाऊन मागे यायला साधारण चार सेकंद लागतात. मुलगी जड असो की हलकी, दोर तेवढाच असेल तर वेळ जवळपास तेवढाच लागतो. कितीही घाई केली तरी झोका भरभर हलत नाही, फार तर उंच जातो. म्हणून झोक्यावरचं गाणं झोक्याच्या चालीने, लांबवत म्हणावं लागतं.

जात्यावरच्या ओवीचंही तसंच. तिथे ताल जात्याच्या फेऱ्याचा. दळणारीचा हात दमला की ओवी संथ होते, घास टाकायला थांबली तर ओळ तिथेच थांबते. ओवीत अक्षरांचं मोजमाप सैल असतं. एक शब्द जास्त झाला तर तो जरा दाबून म्हणायचा, कमी पडला तर "गं बाई" जोडायचं. आपली कांद्याची ओळ ओवीत म्हणून बघा. "कळेना" मधला "ळे" वाटेल तितका ताणता येतो आणि कोणी अडवत नाही. कारण ओवी बाई स्वतःसाठी म्हणते. समोर कोणी बसलेलं नसतं, आणि ओळीच्या शेवटी गाणं उचलून घ्यायला वाद्यही नसतं. ओळ संपली की जात्याची घरघर उरते, आणि मनातलं बोलायला तीच पुरते.

गोंधळात संबळ आहे, जोर आहे, लयही चढते. पण तिथे गोंधळ्याला देवीची कथा सांगायची असते. पोवाड्यात डफ आणि तुणतुणं असतं, आणि शाहिराला प्रसंग समजावून सांगायचा असतो. दोन्हीकडे वाद्य शब्दाला जोर देतं. कथा पुढे जाणं महत्त्वाचं, म्हणून शब्दांच्या मधे वाद्याला फार वेळ खेळू देत नाहीत. लावणीत उलट आहे. लावणीतली बाई एकच भाव धरून बसते, रुसवा म्हणा, वाट बघणं म्हणा, कोणाची थट्टा म्हणा. कथा पुढे न्यायची घाई तिला नसते. म्हणून एकेका ओळीनंतर ढोलकीला बोलायला सवड मिळते.

भजनाचा फरक तर गमतीचा आहे. भजनातही आठ मात्रांचा ठेका असतो. केरवा, धुमाळी हे ठेके दोन्हीकडे वाजतात. मात्रा तेवढ्याच, मग गाणं वेगळं का लागतं? कारण भजनात टाळ प्रत्येक ठरलेल्या जागी सरळ पडतो. शंभर माणसांना एका वेळी टाळी देता आली पाहिजे, म्हणून ताल सगळ्यांना आधीच कळलेला असतो. ढोलकी मात्र ठोका अपेक्षित जागेच्या जरा आधी किंवा मधल्या फटीत टाकते, आणि मग अचानक समेवर येते. टाळ आपल्याला सोबत घेऊन चालतो, ढोलकी क्षणभर चुकवते आणि पुन्हा पकडते. अंगात थिरक येते ती या चुकवण्या-पकडण्याने.

आता वेगाकडे येऊ. इथे दोन वेगळ्या गोष्टी आपण एकच समजतो. एक म्हणजे गाण्याची लय वाढणं, दुसरी म्हणजे ढोलकीची दुगुन.

हे हातानं करून बघा. मनात एक ते आठ मोजा, एकवर आणि पाचवर टाळी द्या. दर दोन सेकंदाला एक टाळी पडू द्या. म्हणजे आठ मात्रांना चार सेकंद झाले, आपल्या आखाजीच्या झोक्याइतके. या लयीत "बाई" नंतरची मोकळी जागा दोन सेकंदांची आहे. आता टाळी तशीच ठेवा, पण शेजारच्या मैत्रिणीला एका मात्रेत दोन ठोके वाजवायला सांगा. गाणं जागच्या जागी आहे, टाळीही तीच आहे, तरी ऐकणाऱ्याला वाटतं की वेग दुप्पट झाला. ही दुगुन. ठोके दाट झाले, लय वाढली नाही. मग एका मात्रेत चार ठोके केले तर ती चौगुन.

खरी लय वाढते तेव्हा टाळीच जवळ येते. दर सेकंदाला एक टाळी पडू लागली की आठ मात्रा दोन सेकंदांत संपतात आणि मोकळी जागा एकाच सेकंदाची उरते. गाणारीला श्वास घ्यायला तेवढाच वेळ. म्हणून जाणकार ढोलकीवाला लय एकदम चढवत नाही. तो आधी दुगुनीने गाण्यात चैतन्य आणतो, शब्द नीट पोचू देतो. शेवटच्या कडव्यात, शब्द सगळ्यांना पाठ झालेले असतात आणि आता सांगायचं काही उरलेलं नसतं, तेव्हा तो खरी लय वाढवतो. तिथे गाण्याचं काम संपून नाचाचं काम सुरू होतं.

ढोलकीमुळेच लावणी अशी घडते, याचा एक जुना पुरावा आपल्या इतिहासात आहे. लावणीचे मोठे शाहीर पेशवाईच्या उत्तरार्धात झाले. त्यातले परशराम आपल्याच नाशिक जिल्ह्यातले, सिन्नर तालुक्यातल्या बावी गावचे. संगमनेरचे अनंत फंदी त्याच काळातले. त्याच काळात होनाजी बाळा ही जोडी पुण्यात नावाजली. होनाजी रचना करायचा आणि बाळा गायचा. त्यांनी ढोलकीच्या जागी तबला आणला असं सांगतात, आणि बसून गायच्या बैठकीच्या लावणीला त्यांनीच वळण दिलं असंही मानतात. या दोन गोष्टी एकत्र आल्या, यात आम्हाला काही नवल वाटत नाही. ढोलकीवाला ढोलकी कमरेला बांधून उभा राहतो, नाचणारीच्या पावलांकडे बघत तिच्या मागेपुढे सरकतो. तबलजी मात्र बसून वाजवतो. वाद्य बसलं, तशी गाणारीही बसली. पावलांचं काम थांबलं आणि ते चेहऱ्याने आणि बोटांनी करायचं ठरलं. ओळीनंतरच्या मोकळ्या जागेत ढोलकीचा झपाटा गेला आणि तिथे तीच ओळ पुन्हा वेगळ्या भावाने म्हणायची रीत आली.

वाईच्या यमुनाबाई वाईकर या बैठकीच्या लावणीच्या फार मोठ्या कलावंत. त्यांना 2012 साली पद्मश्री मिळाली. त्यांची संथ लावणी ऐकली की कळतं, लावणी भरभरच असते असं नाही. दुसऱ्या बाजूला नारायणगावच्या विठाबाई. त्यांचा ढोलकी-फडाचा तमाशा उघड्या मैदानात हजारो लोकांपुढे व्हायचा. तिथे डोळ्याची पापणी हलवून शेवटच्या रांगेपर्यंत काय पोचणार? तिथे ढोलकीच हवी, उंच आवाज हवा, चाळ हवेत, वेग हवा. बैठकीत वीस माणसं जवळ बसलेली असतात, फडात गाव जमतं. वाद्य आणि वेग हे दोन्ही प्रेक्षक किती दूर बसला आहे त्यावर ठरत आले.

म्हणून "भरभर लावणी म्हणजे चावट आणि संथ गाणं म्हणजे सभ्य" हे मोजमाप बरोबर नाही. बैठकीच्या संथ लावणीतही शृंगार भरपूर असतो, आणि अध्यात्माच्या लावण्याही ढोलकीवर जलद लयीत म्हटल्या जातात. वेग ही ऐकवण्याची पद्धत आहे. शब्दांचा बरेवाईटपणा शब्दांवरच तोलावा. ही कला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणाऱ्या कोल्हाटी आणि इतर समाजांतल्या बायकांना समाजाने नावं ठेवली, आणि त्यात ढोलकीच्या ठेक्यालाही विनाकारण बदनाम केलं.

शेवटी आपल्या उपयोगाचं. हळदीकुंकवाला, महिला दिनाला आपल्या मंडळातल्या मैत्रिणी लावणी बसवतात. तिथे हमखास बिघडतं ते सांगतो.

पहिली अडचण लयीची. उत्साहात सुरुवातच फार जलद होते. ती ओळखायची खूण सोपी आहे. ओळीचं शेवटचं अक्षर ऐका. "भाव कळेना बाई" मधला "ई" खाल्ला जात असेल आणि नुसतं "बा" ऐकू येत असेल, तर गाणारीला श्वासाला जागा राहिलेली नाही. टाळी लांब करा. जिथे शेवटचं अक्षर पूर्ण येतं आणि श्वासही मिळतो, ती तुमची सुरुवातीची लय.

दुसरी अडचण मोकळ्या जागेची. ढोलकीवाला नसला की काही मैत्रिणी ती जागा गाळतात आणि पुढची ओळ लगेच सुरू करतात. मग लावणीचं बालगीत होतं. ढोलकी नसेल तर चार मात्रा टाळ्यांनी भरा, किंवा मागच्या दोघींना शेवटचा सूर धरायला सांगा. पण जागा सोडू नका.

तिसरी अडचण वाद्याची. पावसाळ्यात दमट हवेने कातडं सैल पडतं आणि उजव्या तोंडाचा टणक आवाज जाऊन तो बसका होतो. मग बारीक ठोके मिसळतात आणि वाजवणारा ते लपवायला जोरात वाजवू लागतो. जोराने वाजवून हे सुटत नाही. आधी कड्या ओढून ढोलकी सुराला मिळवावी. हलगी आणि डफ जाळावर शेकून ताणतात, तसं शाईच्या ढोलकीला करू नये, शाई तडकते.

चौथी अडचण डीजेवर लावलेल्या गाण्याची. त्यात घुमारा एवढा वाढवलेला असतो की उजव्या हाताचे ठोके दबून जातात. शिवाय यंत्र कोणाच्या पावलाकडे बघत नाही. नाचणारी दमली तरी लय तीच, रंगली तरी तीच. तशा गाण्यावर नाचता येतं, पण पाऊल आणि ढोलकी यांचा सवाल-जवाब त्यात होऊ शकत नाही.

येत्या यात्रेत फड आला तर पुढे बसून एकदा फक्त एवढंच ऐका: ओळ कुठे संपते, आणि तिथून पुढच्या समेपर्यंत ढोलकी काय करते. शब्दांकडे नंतर लक्ष द्या.